बिजागरीच्या दांड्यावर बंदुकीची गोळी

वरच्या टोकाला बिजागरीने अडकवलेला दांडा सरळ लोंबतो आहे. त्याच्या खालच्या टोकात आडवी आलेली गोळी घुसून रुतते. दांडा किती वेगाने फिरू लागेल?

इथे रेषीय संवेगाची अक्षय्यता लावणे चूक ठरते, कारण आघाताच्या क्षणी बिजागरीही दांड्यावर बल लावते आणि ते किती, हे आधी माहीत नसते. मात्र हे बल बिजागरीतूनच जात असल्याने तिच्याभोवती त्याचे आघूर्ण शून्य असते. म्हणून बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग कायम राहतो.

समजा, दांडा 1 मीटर लांब व 2.97 किलोग्रॅमचा आहे. गोळी 10 ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला 300 मीटर आहे. गोळीचा कोनीय संवेग 0.01 × 300 × 1 = 3 एकक. दांड्याचे जडत्व आघूर्ण ML²/3 म्हणजे 0.99, त्यात गोळीचे 0.01 मिळवून एकूण 1. म्हणून कोनीय वेग सेकंदाला 3 रेडियन.

गतिज ऊर्जा मात्र 450 जूलवरून 4.5 जूलवर येते. उरलेली उष्णता आणि लाकडाची मोडतोड यांत जाते. त्यामुळे ऊर्जेची अक्षय्यता आघातानंतरच वापरावी. ती वापरल्यास दांडा सुमारे 46 अंशांपर्यंत झुलतो.

रेषीय संवेग 3 वरून जवळपास 4.5 होतो, ही वाढ बिजागरीच्या धक्क्याची. गोळी बिजागरीपासून दोन तृतीयांश लांबीवर लागली, तर हा धक्का शून्य असतो.