प्रोजेक्टची माहिती अशी लिहा की क्लायंटला कळेल

इंजिनिअर आणि आर्किटेक्ट मंडळींच्या प्रोफाइलमध्ये एक ओळ हमखास असते: "जी प्लस थ्री रेसिडेन्शियल, ५,४०० स्क्वेअर फूट बिल्टअप, ऑल अ‍ॅप्रूव्हल्स, झिरो अ‍ॅक्सिडेंट." तुम्हाला यातून सगळं कळतं, पण प्लॉट घेऊन बसलेल्या शिक्षक जोडप्याला काय कळणार? व्हिडिओत ही ओळ आपण फोडली होती, तीच इथे लिहून देतोय.

आकार

बिल्टअपमध्ये भिंतींची जाडीही धरलेली असते. माणूस मात्र खोल्यांत राहतो. म्हणून असं लिहा: "खाली पार्किंग, वर तीन मजले, सहा फ्लॅट. प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट ६५० चौरस फूट, काम १४ महिन्यांत पूर्ण." बिल्टअपचा आकडा त्यानंतर द्या आणि पार्किंग त्यात धरलंय की नाही तेही सांगा. नाहीतर क्लायंट त्या आकड्याने खर्चाला भागून चुकीचा दर काढतो आणि पुढे वाद तुमच्याशी होतो.

परवानग्या

"ऑल अ‍ॅप्रूव्हल्स" हा शब्द काढून टाका. क्लायंटला तीन टप्पे समजतात. काम सुरू करायची परवानगी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट. जोतं मंजूर नकाशाप्रमाणेच आहे याचा जोते तपासणी दाखला. आणि राहायला जायची परवानगी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. प्रत्येकापुढे क्रमांक आणि तारीख टाका. भोगवट्याचा नुसता अर्ज केला असेल तर "अर्ज केला आहे" असंच लिहा. अर्जाला मंजुरी म्हणून दाखवलंत आणि क्लायंटने चौकशी केली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

सुरक्षा

"झिरो अ‍ॅक्सिडेंट" कुणीही लिहू शकतं. दोन मजूर महिनाभर होते की बारा मजूर वर्षभर, हे त्यातून कळत नाही. हजेरीचं मस्टर काढा. समजा ३४० दिवस काम चाललं आणि रोज सरासरी १२ माणसं होती, तर ४,०८० हजेऱ्या झाल्या. आता लिहा: "सुमारे चार हजार हजेऱ्यांत एक दुखापत. शटरिंगच्या फळीतला खिळा पायात गेला, कामगार दोन दिवस घरी होता. त्यानंतर फळी रचण्याआधी खिळे काढायचा नियम केला." जोडीला स्लॅबच्या कडेला लावलेलं रेलिंग आणि झाकलेला डक्ट दिसेल असा चालू कामाचा फोटो द्या. रंग दिलेल्या इमारतीच्या फोटोत सुरक्षा दिसत नाही.

लहान दुखापत लिहायला संकोच वाटेल. पण जो खिळ्याची नोंद ठेवतो तो बाकीच्या नोंदीही ठेवत असणार, हे क्लायंट बरोबर ओळखतो.

आज एकच प्रोजेक्ट घ्या, मस्टर आणि दाखल्यांची फाइल समोर ठेवा आणि या तीन परिच्छेदांत लिहा. मग घरातल्या बांधकामाशी संबंध नसलेल्या कुणालातरी वाचायला द्या. ते जिथे "म्हणजे काय?" विचारतील, तिथली ओळ बदला.