लांब पाकळीपेक्षा फिकट तुकडा बघा

कोकणात एखादा कारखाना यायचा असला की त्याच्या पर्यावरण अहवालाचे जाडजूड बाड जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत येऊन पडते. शेकडो पानांच्या त्या बाडात एका पानावर रंगीत पाकळ्यांची गोल आकृती असते. तिला विंड रोझ म्हणतात. दिसायला ती इतकी देखणी असते की वाचणारा क्षणभर बघतो आणि पान उलटतो. पण कारखान्याचा वास, धूर किंवा वायू कुणाच्या दारात जाणार याचे उत्तर बरेचसे त्या एका आकृतीत असते. ती वाचायला पदवी लागत नाही, अर्धा तास आणि फूटपट्टी पुरते.

सोळा दिशांना सोळा पाकळ्या, म्हणजे दर साडेबावीस अंशांना एक. उत्तर वर, पूर्व उजवीकडे, नेहमीच्या नकाशासारखेच. मध्यापासून बाहेर जाणारी वर्तुळे टक्के सांगतात : पाकळी जितकी लांब, तितका जास्त वेळ त्या दिशेचा वारा वाहिला. पाकळीतले रंग वाऱ्याचा वेग सांगतात. आतला फिकट तुकडा मंद वाऱ्याचा, बाहेरचा गडद तुकडा जोराच्या वाऱ्याचा. दिशा, वेळ आणि जोर अशा तीन गोष्टी एकाच चित्रात मावतात, आणि म्हणूनच सरासरीचा आकडा इथे चालत नाही. दिवसभर पश्चिमेचा आणि रात्रभर पूर्वेचा तेवढाच वारा वाहिला तर दोघांची बेरीज शून्य होईल, आणि गावात वाराच नाही असा अर्थ निघेल.

पहिली घसरण दिशेत होते. पाकळी ज्या दिशेला आहे त्या दिशेकडून वारा येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, हे आपण शाळेत शिकलो, तोच नियम इथे आहे. म्हणजे वायव्येला लांब पाकळी दिसली तर धूर वायव्येला जात नाही, तो समोरच्या आग्नेयेला जातो. सभेत लोक पाकळीच्या टोकाकडे बोट दाखवून आपले गाव शोधतात आणि सुटलो म्हणून घरी जातात, तेव्हा खरे संकट वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूला असते. क्वचित आकृती उलटीही काढलेली असते, म्हणजे वारा कुठे जातो हे दाखवणारी. त्यासाठी आकृतीच्या तळाशी बारीक अक्षरांत blowing from लिहिले आहे की blowing to, ते आधी बघायचे. काहीच लिहिले नसेल तर from धरायचे आणि लेखी विचारून खात्री करायची.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण असे आकडे कुठल्याही अहवालात भेटतील. समजा, किनाऱ्यापासून चार किलोमीटर आत एक रसायन कारखाना प्रस्तावित आहे. त्याच्या आग्नेयेला एक गाव आहे आणि नैर्ऋत्येला खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा. विंड रोझ डिसेंबर ते फेब्रुवारीचा आहे. नव्वद दिवस, दर तासाला एक नोंद, म्हणजे २१६० तास. वायव्येची पाकळी सर्वांत लांब, १८ टक्क्यांच्या वर्तुळापर्यंत जाणारी. २१६० चे १८ टक्के म्हणजे ३८९ तास. एवढे तास वारा कारखान्यावरून आग्नेयेच्या गावाकडे जाणार. ईशान्येची पाकळी ९ टक्क्यांवर संपते, म्हणजे १९४ तास कोळीवाड्याकडे. अहवाल इथेच थांबतो आणि लिहितो की वाऱ्याची प्रमुख दिशा वायव्य आहे. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे.

रंग बघा. वायव्येच्या पाकळीत फिकट तुकडा मध्यापासून ६ टक्क्यांपर्यंत आहे, मधला ६ पासून १४ पर्यंत आणि गडद १४ पासून १८ पर्यंत. अनेकांना वाटते की गडद वारा १८ टक्के वेळ वाहतो, कारण तो तुकडा १८ च्या वर्तुळाला टेकलेला असतो. तुकड्याचे माप म्हणजे त्याची स्वतःची लांबी : १८ वजा १४, म्हणजे फक्त ४ टक्के. मधला ८ आणि फिकट ६. हे वजाबाकीचे काम फूटपट्टी लावूनच करावे, कारण डोळा इथे हमखास फसतो. पाकळी पाचराच्या आकाराची असेल तर ती बाहेरच्या बाजूला रुंद होत जाते, आणि आपला डोळा लांबीऐवजी क्षेत्रफळ मोजतो. या पाकळीत गडद तुकडा खरे तर पाकळीच्या २२ टक्के आहे, पण क्षेत्रफळाने तो जवळपास ४० टक्के भरतो. फिकट तुकडा प्रत्यक्षात एक तृतीयांश आहे, आणि क्षेत्रफळाने जेमतेम ११ टक्के. चित्रात कुणी लबाडी केलेली नसते. वर्तुळाची भूमितीच तशी आहे, की मंद वारा कोपऱ्यात दबतो आणि जोराचा वारा मिरवतो. म्हणून सगळ्या पाकळ्या सारख्या रुंदीच्या पट्ट्यांनी काढलेली आकृती मला जास्त प्रामाणिक वाटते.

हा दबलेला फिकट तुकडाच आपल्या उदाहरणात सर्वांत महत्त्वाचा आहे. पाइपांच्या सांध्यांतून, टाक्यांतून, सांडपाण्याच्या हौदांतून जो वायू आणि वास सुटतो तो जमिनीलगत सुटतो. वारा सेकंदाला चार मीटरने वाहत असेल तर तेवढाच वायू चौपट हवेत मिसळतो, आणि एक मीटरने वाहत असेल तर त्याची दाटी बाकी सगळे सारखे धरूनही चौपट राहते. ईशान्येची आखूड पाकळी आपण सगळीच्या सगळी फिकट धरली आहे : ताशी दोन ते साडेसात किलोमीटरचा वारा, अंगाला जेमतेम जाणवणारा. म्हणजे मंद वाऱ्याचे १९४ तास कोळीवाड्याच्या वाट्याला, आणि आग्नेयेच्या गावाच्या वाट्याला ६ टक्क्यांचे १३० तास. प्रमुख दिशेच्या गावापेक्षा आखूड पाकळीसमोरच्या वस्तीला दाट हवेचे तास जास्त आले.

शिवाय हे तास दिवसाच्या कुठल्या वेळी येतात ते बघावे लागते. किनाऱ्यावर दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीवर येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. मुंबईत हिवाळ्याच्या सकाळी वारा उत्तर-पूर्वेच्या बाजूने असतो आणि दुपारनंतर तो वायव्य-पश्चिमेकडे वळतो. कोकणपट्टीचा ढाचा साधारण असाच. ईशान्येची फिकट पाकळी म्हणजे बहुतेक रात्रीचा आणि पहाटेचा मतलई वारा. थंडीच्या रात्री जमिनीजवळची हवा गार होऊन खाली बसते, वरच्या हवेत मिसळत नाही. मंद वारा आणि बसलेली हवा हे दोन्ही एकाच वेळी, आणि लोक घरात झोपलेले. चोवीस तासांच्या एका विंड रोझमध्ये हे सगळे दुपारच्या वाऱ्यात मिसळून जाते. भारतीय हवामान खाते आपल्या दीर्घकालीन तक्त्यांत सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३० च्या नोंदी वेगळ्या देते, ते यासाठी फार उपयोगाचे आहे. दोन वेळांचे दोन विंड रोझ शेजारी ठेवले की वारा फिरताना दिसतो.

मग वर्तुळाच्या मधोमध येणारा आकडा, calms. सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी वाऱ्याला सहसा दिशाच धरत नाहीत, म्हणून तो कुठल्याही पाकळीत नसतो. आपल्या उदाहरणात तो २२ टक्के धरा : ४७५ तास. सर्वांत लांब पाकळीपेक्षाही जास्त. या तासांत वायू कुठेच जात नाही, कारखान्याभोवतीच साठतो. प्रदूषण किती पसरेल हे काढणाऱ्या नेहमीच्या सूत्रांत वाऱ्याचा वेग भागाकारात असतो, आणि शून्याने भागता येत नाही, त्यामुळे हे तास गणितात मोजलेच जात नाहीत. ज्या अहवालात शांत तास जास्त, तिथे पुढच्या पानावरचे प्रदूषणाचे गोड आकडे त्याच प्रमाणात कच्चे समजावेत. पाकळ्या आणि शांत तास मिळून शंभर टक्के भरतात की नाही, हेही जुळवून बघा.

सगळीकडे फिकटच वाईट असे मात्र नाही. कोळशाचे किंवा खनिजाचे उघडे ढीग असतील तर धूळ उडवायला जोराचाच वारा लागतो, तिथे गडद तुकडा बघायचा. उंच धुराड्यातला गरम धूर मंद वाऱ्यात उंच चढतो आणि जोराच्या वाऱ्यात लवकर खाली वाकतो, तिथे हिशेब पुन्हा वेगळा. म्हणून आधी काय सुटणार आणि किती उंचीवरून, ते अहवालातून शोधायचे, मग रंगाकडे वळायचे.

दोन गोष्टी आकृतीच्या बाहेर शोधाव्या लागतात. एक, मोजणी कुठे झाली. वारामापक साधारणपणे मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटरवर असावा लागतो. इमारतीच्या आडोशाला किंवा डोंगराच्या कुशीत तो लावला तर ती आकृती त्या आडोशाची होते, गावाची नाही. किनाऱ्यालगतच्या कोरड्या ऋतूतल्या विंड रोझमध्ये समुद्राच्या बाजूची पाकळीच नसेल तर पहिली शंका इथेच घ्यावी. दोन, मोजणी कधी झाली. नियमानुसार बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एका ऋतूची नोंद पुरते, त्यामुळे तीन महिन्यांचा विंड रोझ हा तीन महिन्यांचाच असतो, त्यावरून एप्रिल किंवा जुलैबद्दल काही बोलता येत नाही. दोन ऋतूंच्या आकृत्या शेजारी ठेवल्या तर वर्तुळांचे आकडे जुळतात का तेही पाहा. एकीचे बाहेरचे वर्तुळ १० टक्क्यांचे आणि दुसरीचे ३० चे असेल तर सारख्या लांबीच्या पाकळ्यांत तिपटीचा फरक असतो.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीतही मिळतो आणि हरकती लेखी देता येतात. ज्यांच्या गावाजवळ असा प्रकल्प येतो आहे त्यांनी त्या तीस दिवसांत दोन गोष्टी लेखी मागाव्यात : दिवसाचे आणि रात्रीचे वेगवेगळे विंड रोझ, आणि ज्यांवरून ते काढले त्या तासातासाच्या नोंदी.