उभं कार्ड आणि वीतभर केबल

भाच्याने नवा पीसी जोडला. ५६००एक्स रायझन प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट मात्र जुनंच, काचेच्या बाजूचं. त्यासोबत आलेली रायझर केबल वापरून त्याने कार्ड उभं बसवलं. बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. तेच कार्ड थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये लावलं की सगळं सुरळीत. म्हणजे दोष त्या वीतभर केबलमध्ये होता.

केबल तुटलेली नव्हती, जुन्या वेगाची होती. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत प्रत्येक लेनवरून सेकंदाला ८ अब्ज बिट जातात, चौथीत १६ अब्ज. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला ६२.५ पिकोसेकंद येतात, आधीच्या निम्मेच. वेग वाढला की तारेत सिग्नल जास्त क्षीण होतो, शेजारच्या जोडीचा गोंगाट त्यात मिसळतो आणि प्रत्येक सांध्यावर थोडा सिग्नल उलट फिरतो. चांगल्या केबलमध्ये तारांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र धातूचं आवरण असतं आणि दोन तारांतलं अंतर शेवटपर्यंत सारखं राखलेलं असतं. केबल कचकन दुमडली, तर नेमकं तेच अंतर बिघडतं.

खरी अडचण अशी, की सुरू होताना मदरबोर्ड आणि कार्ड आपसात वेग ठरवतात. दोघंही चौथ्या पिढीचे, त्यामुळे तोच वेग ठरतो. मधली केबल किती पेलते, हे सांगणारं तिच्यात काहीच नसतं.

काळी स्क्रीन तरी लगेच दिसते. काठावर पास झालेली केबल जास्त छळते. चुकलेला डेटा पुन्हा मागवला जातो, म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. मग एखाद्या दिवशी गेम मध्येच अडखळतो किंवा बंद पडतो. विंडोजच्या `Event Viewer` मध्ये `WHEA-Logger` च्या नावाने `Event ID 17` च्या नोंदींची रांग लागली असेल, तर आधी केबलवर संशय घ्यावा. चुका होतात, दुरुस्तही होतात, असं त्या नोंदी सांगतात.

या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल लावलेली असताना बायोस दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही कार्ड थेट स्लॉटमध्ये लावलं, बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग `Auto` वरून `Gen3` केला, सेव्ह केलं आणि मग केबल परत जोडली. पहिल्याच झटक्यात चित्र आलं. ३०६० ला तिसऱ्या पिढीच्या सोळा लेन पुरेशा होतात, खेळताना फरक जेमतेम जाणवतो. मात्र बायोस अपडेट केलं किंवा त्याची सेटिंग पुसली गेली, की वेग पुन्हा `Auto` वर जातो आणि स्क्रीन पुन्हा काळी.

वेग तपासायला `GPU-Z` मधली `Bus Interface` ही ओळ बघावी, पण कार्डावर काम चालू असताना. रिकामं असताना ते वीज वाचवायला स्वतःच वेग उतरवतं, आणि ते बघून भाच्याने चांगली केबल बदलायचं जवळजवळ ठरवलंच होतं.