अर्जातला बारा आकडी क्रमांक

बनावट खरेदी संकेतस्थळावर फसलेला माणूस सायबर पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याच्या हातात बहुधा दोन पानांची कहाणी असते. जाहिरात कुठे दिसली, सवलत किती होती, समोरचा किती गोड बोलला, हे सगळं त्यात सविस्तर असतं. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मात्र नसतो, आणि तपासाला सगळ्यात आधी तोच लागतो.

या क्रमांकाला यूटीआर किंवा यूपीआय संदर्भ क्रमांक म्हणतात. त्यावरून बँकेला पैसे नेमके कोणत्या खात्यात जमा झाले ते सापडतं. गोंधळ होतो तो इथेच. काही ॲप पडद्यावर स्वतःचाही एक व्यवहार क्रमांक दाखवतात, त्यात अक्षरंही असतात आणि लोक तोच उतरवून देतात. बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडून पाहिलं की खरा क्रमांक कळतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या तोंडावर एका गृहिणीला समाजमाध्यमावर पैठणीची जाहिरात दिसली. तिने 2,499 रुपये भरले. तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर निरोप आला की पार्सल अडकलं आहे, कर भरा, तो परत मिळेल. तिने 1,850 रुपये पाठवले. तासाभरात ‘विम्याची अनामत’ म्हणून आणखी 4,999 गेले. मग नंबर बंद. एकूण नुकसान 9,348 रुपये.

तिच्या अर्जाचा गाभा असा हवा:

‘दि. 12 ऑक्टोबर 2025 रोजी रात्री 9.40 वाजता मी माझ्या बचत खात्यातून (बँक, शाखा, खाते क्रमांक) रु. 2,499 यूपीआयने पाठवले. घेणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि ॲपवर दिसलेले नाव सोबत लिहिले आहे. यूटीआर क्रमांक अमुक. दि. 15 ऑक्टोबर रोजी दुपारी 1.15 वाजता रु. 1,850 आणि 2.20 वाजता रु. 4,999 पाठवले. त्यांचे यूटीआर क्रमांक अनुक्रमे अमुक व अमुक. एकूण रु. 9,348. वस्तू मिळालेली नाही.’

तीन व्यवहार तीन वेगळ्या ओळींत, प्रत्येकासमोर वेळ आणि क्रमांक. फक्त एकूण रक्कम लिहिली तर त्याचा उपयोग होत नाही, कारण तिन्ही वेळा घेणारं खातं वेगळं असू शकतं आणि प्रत्येक बँकेला वेगळी विचारणा करावी लागते.

या मजकुरातला ‘मी पाठवले’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. लाजेपोटी बरेच जण ‘खात्यातून पैसे परस्पर गेले’ असं लिहितात. परस्पर काढलेले पैसे आणि फसवून पाठवायला लावलेले पैसे यांत बँक फरक करते. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017चं परिपत्रक संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल होतं. बँकेच्या नोंदीत पिन टाकून पैसे पाठवल्याचं दिसतं आणि अर्जात वेगळंच लिहिलेलं असतं, तेव्हा तक्रारदाराच्या बाकीच्या म्हणण्यावरही शंका येते. फसवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेनुसार फसवणुकीचा गुन्हा आहेच, त्यामुळे खरं लिहिल्याने तक्रार कमकुवत होत नाही.

अर्ज नेटका लिहिण्यासाठी मात्र थांबून राहू नये. फसवणूक लक्षात येताच 1930 या क्रमांकावर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. तिथला तपशील संबंधित बँकांपर्यंत जातो आणि पैसे अजून खात्यात असतील तर ती रक्कम गोठवता येते. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात ढकलतात आणि शेवटी रोख काढतात. म्हणून वरच्या उदाहरणातल्या बाईने पार्सलची वाट पाहत आठवडा घालवला तर पहिल्या खात्यात काही उरलेलं असण्याची शक्यता फार कमी. त्या तक्रारीचा पोच क्रमांक पुढे ठाण्यातल्या अर्जात वरच्या बाजूला लिहायचा.

पुरावाही लवकर जमवावा लागतो, कारण अशी संकेतस्थळं काही दिवसांत गायब होतात. पानाचं छायाचित्र घेताना वरचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. नुसत्या साडीच्या फोटोवरून काहीच सिद्ध होत नाही. जाहिरातीची लिंक, व्हॉट्सॲपवरचं संभाषण आणि खातेउतारा जोडायचा. संभाषण रागाने पुसून टाकायचं नाही आणि फोनही रिसेट करायचा नाही. अर्जात पिन, ओटीपी किंवा पासवर्ड कधीच लिहायचा नाही. तपासाला त्यांची गरज नसते.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. रक्कम गोठली म्हणजे ती लगेच हातात येते असं नाही. ती परत मिळवण्यासाठी काही वेळा न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्या वेळी गोठलेल्या रकमेवर आपला हक्क दाखवताना पुन्हा हेच व्यवहार क्रमांक, याच तारखा आणि याच वेळा मांडाव्या लागतात.