जुने संभाषण कानाने शोधताना

चॅटच्या खिडकीत डावीकडे असलेली जुन्या संभाषणांची यादी डोळस माणूस एका नजरेत चाळतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तीच यादी एकेका ओळीने ऐकावी लागते. Tab दाबत गेले तर गैरसोय वाढतेच, कारण बहुतेक ठिकाणी प्रत्येक संभाषणाच्या नावाशेजारी ‘आणखी पर्याय’चे एक बटण असते. म्हणजे ४० संभाषणांसाठी ८० थांबे.

विंडोजवरच्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये याला चांगली पळवाट आहे. समजा, वीजबिलाच्या तक्रारीचे जुने संभाषण हवे आहे. Insert+F7 दाबले की पानावरच्या घटकांची यादी वेगळ्या खिडकीत उघडते. तिथे ‘लिंक’ हा प्रकार निवडून गाळणीच्या चौकटीत ‘वीज’ लिहिले की तो शब्द असलेल्या लिंकच उरतात. मात्र नाव रोमन लिपीत ठेवले असेल तर देवनागरीतला शोध रिकामा परततो.

शोध रिकामा आला म्हणजे संभाषण नाहीच, असे मात्र नाही. ही खिडकी ब्राउझरमध्ये त्या क्षणी उतरलेला मजकूरच पाहते आणि लांब याद्या क्वचितच एकदम उतरतात. यादीत शिरताना एनव्हीडीए घटकांची संख्या सांगतो. तीच इथे खूण ठरते. यादीच्या टोकाशी जाऊन परत आल्यावर संख्या वाढली असेल, तर जुनी नावे खाली जोडली जात आहेत. ती सगळी उतरवून घेऊन पुन्हा गाळावे. संख्या जवळपास तेवढीच आणि नावे मात्र वेगळी असतील, तर दिसेनाशा झालेल्या ओळी काढून टाकल्या जात आहेत. अशा यादीत गाळणीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा चॅटचा स्वतःचा शोध वापरावा. तो सहसा सर्व्हरवर चालत असल्याने न उतरलेली संभाषणेही त्याला सापडतात. शोधाची चौकट पानावरच असेल तर E दाबून तिच्यापर्यंत पोहोचता येते. काही ठिकाणी हा शोध फक्त नावांत होतो, तर काही ठिकाणी आतल्या मजकुरातही. मजकुरातला एखादा विरळा शब्द टाकून पाहिला की ते कळते. निकाल बदलले तरी पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही. ही उणीव चॅट बनवणाऱ्यांची. अशा वेळी Insert+Space दाबून वाचनाच्या स्थितीत यावे आणि I दाबत निकाल ऐकावेत. Esc दाबल्यास शोधाची चौकटच बंद होण्याचा धोका असतो.

आपोआप पडलेली नावे अनेकदा सारख्याच शब्दांनी सुरू होतात, त्यामुळे प्रत्येक नाव शेवटपर्यंत ऐकावे लागते. संभाषण संपताच नाव बदलून वेगळेपणाचा शब्द सुरुवातीला आणावा: ‘तक्रारीचा मसुदा, वीज’ याऐवजी ‘वीज, तक्रारीचा मसुदा’. मग पहिला शब्द कानावर पडताच पुढच्या ओळीवर जाता येते.