अडकलेला नट

सकाळी ८. शटर वर जायच्या आधीच दारात उसाची ट्रॉली येऊन थांबलेली. वडगाव रासाई भीमेच्या काठचं गाव, सगळा उसाचा पट्टा. गळीत हंगाम तोंडावर आला की वर्कशॉपात दुसरं काम नसतं. आजच्या ट्रॉलीच्या दांड्याचं जुनं वेल्डिंग तडकलंय. ते कापून काढायचं आणि नवी जाड पट्टी मारायची.

९. चार इंची ग्राइंडरवर पातळ कटिंग डिस्क. काप खोल गेला की पत्रा डिस्कला चिमटतो आणि मशीन हिसका देतं. डिस्कचा दाब कमी करून काप सरळ ठेवला तर चालतं.

११. डिस्क झिजून लहान झाली. आता काप पुरा होत नाही, बदलायलाच हवी. वर्कशॉपातला पोरगा लगेच लॉकच्या बटणाकडे हात नेतो. "थांब रे, आधी प्लग काढ." स्विच बंद केल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत राहते. हे बटण दाबलं की एक छोटी पिन आतल्या गिअरच्या खाचेत बसते. फिरत्या मशीनवर दाबलं तर पिन मोडते, नाहीतर गिअरबॉक्सचं अॅल्युमिनियमचं घर तडकतं. म्हणून डिस्क थांबल्यावर बटण हलकं दाबून, हाताने डिस्क सावकाश फिरवत खाच शोधायची. टक् करून बसली की कळतं.

दोन टोकांची चावी नटच्या भोकांत घातली, घड्याळाच्या उलट दिशेला जोर लावला. नट हलेना. यात नवल नाही. नटाचे आटे असे असतात की डिस्क फिरताना नट आवळतच जातो, त्यामुळे चालू मशीनवर तो सुटत नाही. सकाळपासूनच्या प्रत्येक हिसक्याने तो आणखी आवळला गेला.

पोरगा हातोडी आणतो. मी परत ठेवायला लावतो, कारण चावीवर मारलेला प्रत्येक घाव त्या पिनवर जातो. डिस्क झिजलेलीच आहे, तीच तोडायची. चष्मा आणि हातमोजे घालून पकडीने कडेचे तुकडे मोडत आत यायचं. नटखालची डिस्कही फुटली की दाब सुटतो. मग बटण दाबून चावी लावली, नट सहज फिरला.

११.३०. फ्लँज पुसली. नवी डिस्क पातळ, म्हणून नटची उंच बाजू बाहेर. जाड घासायच्या डिस्कला आत. आवळताना चावीला बेताचाच जोर, पुढचं काम मशीन स्वतः करतं. गार्ड जागेवर आहे ना बघून, तोंड बाजूला ठेवून मिनिटभर मोकळं फिरवलं. थरथर नाही.

दुपारी ४. पट्टी वेल्ड झाली, दांडा जोडला.

संध्याकाळी ६. मशीन हवेने साफ केलं. बटणात भुकटी अडकली तर ते पूर्ण वर येत नाही, आणि पिन अर्धी आत राहते. दोनदा दाबून बघितलं, दोन्ही वेळा बटण नीट वर आलं.