जर्मनीचं प्रवेशपत्र वाचताना

‘आई-बाबा आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने मला जर्मनीतील विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. अजून बरंच काही व्हायचं आहे. तिकडे कोणी ओळखीचं असल्यास जरूर कळवा.’

उन्हाळा सरता सरता असा मजकूर कुठल्या ना कुठल्या भाचीकडून, पुतण्याकडून किंवा शेजारच्या मुलाकडून आपल्या मोबाइलवर येतोच. आपण हात जोडलेलं चित्र आणि अभिनंदन पाठवून मोकळे होतो. पहिल्या वाक्यातला अभिमान आपल्याला कळतो, दुसरं आणि तिसरं वाक्य आपण शिष्टाचारात जमा करतो. खरं तर त्या दोन वाक्यांत शिष्टाचार फारच थोडा असतो.

आधी अभिमानाचं बघू. अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांसारखं ‘शंभरातून पाच घेतले’ असं जर्मनीत सगळीकडे नसतं. तिथल्या काही अभ्यासक्रमांना जागांची मर्यादा असते, आणि तिथे खरोखर चुरस होते. पण बऱ्याच अभ्यासक्रमांना अशी मर्यादाच नसते. जो अटी पूर्ण करील त्याला प्रवेश. म्हणून ‘हजारोंतून माझी निवड झाली’ असं लिहिणारा मुलगा कधी कधी नकळत फुगवून सांगत असतो. मात्र मर्यादा नाही म्हणजे सोपं, असंही नाही, कारण त्या अटीच चांगल्या कडक असतात.

त्यातली पहिली अट गुणांची. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपले गुण या पट्टीवर आणायला एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागायचं, येईल त्याला तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा, सांगलीच्या एका मुलीचा सीजीपीए १० पैकी ८.४ आहे आणि तिच्या विद्यापीठात ४ ला उत्तीर्ण करतात. १.६ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.८. मामांना हा आकडा सांगितला तर त्यांचा चेहरा पडेल, पण तिथे तो उत्तम आहे.

गंमत खालच्या आकड्यांत आहे. तिच्या मैत्रिणीचा सीजीपीए ७ आहे. उत्तीर्ण व्हायची रेषा ४ धरली तर तिचे २.५ होतात, ५ धरली तर २.८. अनेक अभ्यासक्रम ‘२.५ किंवा त्याहून चांगले’ अशी अट घालतात. म्हणजे मुलगी तीच, अभ्यास तोच. पण गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या श्रेणीच्या तक्त्यावर तिचं आत की बाहेर ते ठरू शकतं. स्कॅन करताना ती मागची बाजू राहून गेली, तर तपासणारा त्याच्या माहितीप्रमाणे रेषा धरणार. ज्यांच्या घरात पुढच्या वर्षी अर्ज भरायचा आहे, त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

दुसरी अट मला गुणांपेक्षा अवघड वाटते. पदवीच्या चार वर्षांत काय शिकलात हे ते विषयवार मोजतात. गणित इतकं, यंत्रशास्त्र इतकं, उष्मागतिकी इतकी. त्यासाठी आपल्या अभ्यासक्रमाची पुस्तिका द्यावी लागते. सीजीपीए ९ असूनही नकार येतो तो बहुधा इथे: गणिताचं श्रेयांक कमी पडलेलं असतं. कधी नकार न देता विद्यापीठ म्हणतं, या, पण राहिलेले विषय इथे आल्यावर पूर्ण करा. तेही प्रवेशपत्रच, पण त्यात काम वाढलेलं असतं. भाचीचं अभिनंदन करताना तिने या चाळणीतून स्वतःला पार केलंय, हे ध्यानात असलेलं बरं.

आता ‘अजून बरंच काही व्हायचं आहे’. पत्र हातात आलं तेव्हा अनेकांचा शेवटच्या सत्राचा निकालही लागलेला नसतो. पदवीचं प्रमाणपत्र, निदान तात्पुरतं, वेळेत मिळालं तरच प्रवेश पक्का होतो. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि आपल्याकडचे निकाल कधी कधी ऑगस्ट उजाडवतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी आणखी एक कागद लागतो, एपीएसचं प्रमाणपत्र. आपल्या पदव्या खऱ्या आहेत का, हे जर्मन दूतावासाशी जोडलेलं हे कार्यालय तपासून देतं. शहाणी मुलं त्यासाठी प्रवेशपत्राची वाट बघत नाहीत, खूप आधी अर्ज करतात.

आणि पैसे. इथे नातेवाइकांची सर्वांत मोठी गल्लत होते. आत्याबाई ऐकतात की मुलीने बारा लाख भरले, आणि ‘म्हणे जर्मनीत शिक्षण फुकट!’ असं म्हणत नाक मुरडतात. ते बारा लाख फी नसतात. व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवावी लागते, आणि त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे बंदिस्त खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्याची रक्कम ११,९०४ युरो झाली. युरो शंभर रुपयांचा धरला तर साधारण बारा लाख. हे पैसे मुलीचेच राहतात. तिथे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो तिच्या हाती येतात आणि त्यावर तिने घरभाडं, जेवण, आरोग्य विमा भागवायचा.

शिकवणीची फी बहुतेक सरकारी विद्यापीठांत खरोखरच नसते. दर सत्राला काही शे युरोंच्या आतलं शुल्क असतं आणि त्यात पुष्कळदा बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद आहेत. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात, तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, ती याहून बरीच जास्त आहे.

फी नाही, याला काही पालक कौतुकाने ‘स्कॉलरशिप मिळाली’ म्हणतात. ती शिष्यवृत्ती नव्हे. फी सगळ्यांनाच माफ असते. डाडसारख्या संस्थेची शिष्यवृत्ती वेगळी: तिची निवड वेगळी होते आणि ती दरमहा पैसे देते. कर्ज काढून जाणाऱ्या मुलीच्या नावावर अशी शिष्यवृत्ती चिकटवली की पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावंडांच्या अपेक्षा उगाच वाढतात. मुलगी बिचारी गप्प बसते, कारण चारचौघांत आईला कोण खोडणार?

राहिलं तिसरं वाक्य, ओळखीचं. वसतिगृहाच्या खोल्यांसाठी अनेक शहरांत प्रतीक्षायादी लांबलचक असते. राहायला जागा मिळाली की दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र न्यायचं, असा नियम आहे. ती नोंद नसेल तर बँकेपासून राहण्याच्या परवान्यापर्यंत पुढची कामं अडतात, कधी बंदिस्त खात्यातला पहिला हप्ताही. मित्राच्या सोफ्यावर पंधरा दिवस झोपता येतं, पण सोफ्याचं असं पत्र मिळत नाही. इथून घाईघाईत पैसे पाठवून घर पक्कं करायला जावं, तर न पाहिलेल्या घराची अनामत उकळणारे भामटेही टपलेले असतात. अशा वेळी त्या शहरात जाऊन खोली प्रत्यक्ष बघून येईल आणि घरमालकाशी बोलेल असा कोणी, मग तो मामांच्या ऑफिसातल्या कुणाचा जावई का असेना, मुलीला फार मोठा आधार वाटतो. तेव्हा मजकूर आला की हात जोडलेलं चित्र जरूर पाठवा, आणि जमलं तर त्या जावयाचा नंबरही.